निगेटिव्हच्या स्कॅनमधून फ्रेम नेमकी कशी कापावी: काळे पट्टे, भोकांच्या कडा आणि चित्राची खरी सीमा

निगेटिव्ह स्कॅन करून उलटवली की चित्राभोवती काळी चौकट दिसते. बहुतेक जण ती दिसल्याबरोबर क्रॉप करायला घेतात: काळं दिसतंय तिथवर कापायचं, थोडं आत सरकायचं, सेव्ह करायचं. उजेडातल्या फोटोत हे कसंबसं जमून जातं. पण रात्रीच्या किंवा रंगमंचावरच्या फोटोत चित्राचा काळोख आणि फिल्मचा काळा पट्टा एकमेकांत मिसळतात. मग एकतर चित्राचाच तुकडा जातो, नाहीतर कडेला काळी रेघ उरते आणि ती प्रिंट काढल्यावरच लक्षात येते. शिवाय कडेच्या पट्टीवर जी माहिती असते तीही कापून गेलेली असते, आणि रंग दुरुस्त करताना नेमकी तीच लागते.

हा लेख ३५ मिमी रंगीत निगेटिव्हबद्दल आहे. उदाहरणासाठी एकच फ्रेम घेतली आहे: पट्टीवरची १२ क्रमांकाची, डावीकडचा भाग जवळपास पूर्ण अंधारात असलेली, फ्लॅटबेड स्कॅनरवर इंचाला २४०० पिक्सेल या रिझोल्युशनने स्कॅन केलेली. कृष्णधवल निगेटिव्हलाही पायऱ्या याच, फक्त नारिंगी रंगाचा भाग सोडून द्यायचा.

## आधी हे ओळखा: कुठलं काळं कशाचं?

उलटवलेल्या चित्रात काळं दिसणारं सगळं सारखं नसतं. कच्च्या, म्हणजे न उलटवलेल्या स्कॅनमध्ये पाहिलं की फरक लगेच कळतो. भोकांतून दिवा आरपार येतो, म्हणून ती पांढरी फक्क दिसतात. दोन फ्रेममधली फट आणि भोकांभोवतीची पट्टी यांवर प्रकाश कधी पडलेलाच नसतो. तिथे फक्त फिल्मचा स्वतःचा नारिंगी रंग दिसतो, याला बेस म्हणू. चित्राचा भाग बेसपेक्षा गडद असतो. स्कॅनरच्या होल्डरचं प्लास्टिक प्रकाश अडवतं, त्यामुळे ते पूर्ण काळं दिसतं.

आता हे उलटवा. भोकं सगळ्यांत काळी होतात, बेस त्यांच्या खालोखाल काळा होतो आणि होल्डर पांढरा होतो. म्हणजे पॉझिटिव्हमध्ये चित्राला लागून थेट पांढरी, धारदार कड दिसत असेल तर ती कॅमेऱ्याने आखलेली सीमा नव्हे. होल्डरने चित्र झाकलंय. अनेक होल्डरच्या खिडक्या फ्रेमपेक्षा किंचित लहान असतात, त्यामुळे हे नेहमी घडतं, आणि त्यावर क्रॉप करताना काहीही उपाय करता येत नाही. निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करावी लागते.

तपासा: चित्राच्या चारही बाजूंना बेसची बारीक का होईना, पट्टी दिसतेय का? दिसत असेल तर पूर्ण फ्रेम हाती आहे. एका जरी बाजूला ती नसेल तर पुढे जाऊ नका.

## १. स्कॅन करताना मुद्दाम जास्त घ्या

सॉफ्टवेअरच्या 'फ्रेम आपोआप शोधा' या सोयीवर विसंबू नका. ही सोय उजेड-अंधाराच्या फरकावरून कड शोधते आणि अंधाऱ्या फ्रेममध्ये हमखास चित्राच्या आत शिरते. निवड हाताने करा. फ्रेमची लांबी ३६ मिमी आणि शेजारच्या फ्रेमपर्यंतची फट साधारण २ मिमी असते, म्हणून आडवी निवड ४० मिमी ठेवली की दोन्ही फटी येतात. उभ्या दिशेला होल्डर परवानगी देत असेल तर भोकांसकट फिल्मची पूर्ण ३५ मिमी रुंदी घ्या. भोकं अंतिम चित्रात नको आहेत हे खरं, पण सीमा शोधताना मोजपट्टी म्हणून त्यांचाच उपयोग होणार आहे.

शक्य असेल तर स्कॅनरला ही निगेटिव्ह आहे असं न सांगता पॉझिटिव्ह पारदर्शिका म्हणून स्कॅन करायला लावा. १६ बिट टिफ फाइल घ्या, आणि ऑटो एक्स्पोजर, ऑटो कलर, शार्पनिंग सगळं बंद ठेवा. ऑटो एक्स्पोजर बंद करण्याचं कारण भोकांशीच जोडलेलं आहे. निवडीत भोकं असली की मशीन त्यांनाच सगळ्यांत उजळ बिंदू मानतं, बेस त्याच्या खाली राहतो, आणि उलटवल्यावर चित्रातली सावली काळी न होता राखाडी पडते. होल्डर निवडीत आला तर उलटं होतं. उलटवल्यावर होल्डर हाच सगळ्यांत पांढरा भाग ठरतो आणि चित्रातले पांढरे भाग मळकट दिसतात. 'माझे स्कॅन धुरकट का येतात' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

मिलिमीटरचे पिक्सेल करायचं सूत्र:

```
pixels = mm × ppi ÷ 25.4
```

इंचाला २४०० पिक्सेल असताना १ मिमी म्हणजे ९४.५ पिक्सेल. ३६ मिमीचे ३४०२ आणि २४ मिमीचे २२६८ पिक्सेल होतात. आपली ४० × ३५ मिमीची निवड ३७८० × ३३०७ पिक्सेलची फाइल देते. पुढे जी मापं मिळतील ती या आकड्यांच्या जवळपास असायला हवीत. फार लांब गेली तर चुकीची रेघ धरली आहे असं समजा.

इशारा: ही कच्ची फाइल कधीच कापायची नाही. तिला `raw_12.tif` असं नाव द्या आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करा.

## २. कापण्याआधी कडेवरून काय उतरवून घ्यायचं

पहिली गोष्ट बेसचा रंग. कलर पिकरचा नमुना एका पिक्सेलचा न ठेवता मोठा ठेवा, निदान १५ × १५. मग दोन फ्रेममधल्या फटीच्या मध्यावर टिचकी मारून लाल, हिरवा, निळा ही तिन्ही मूल्यं लिहून ठेवा. आपल्या फ्रेममध्ये ती २०८, १२१ आणि ८४ आली. भोकाच्या अगदी काठावरून नमुना घेऊ नका, कारण भोकातून येणारा झगझगाट आजूबाजूला पसरलेला असतो आणि बेस आहे त्यापेक्षा उजळ दाखवतो. चित्र उलटवताना काळा बिंदू या तीन आकड्यांवरून ठरतो. आधी कापून मोकळं झालात तर नंतर अंदाजाने रंग जुळवत बसावं लागेल.

दुसरी गोष्ट अक्षरं. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचा क्रमांक छापलेला असतो. ती अक्षरं सरळ वाचता आली तर फिल्म योग्य बाजूने ठेवली आहे, उलटी दिसली तर चित्र आरशातल्यासारखं आलंय. पाटी किंवा शर्टाची गुंडी नसलेल्या फोटोत हे नंतर ओळखायला दुसरा आधार उरत नाही. फ्रेमचा क्रमांक फाइलच्या नावात आत्ताच टाका.

तिसरी गोष्ट डाग. चित्राच्या कडेला प्रकाशाचा पट्टा दिसत असेल तर तो भोकांच्या पट्टीत पुढे जातो का ते पहा. जात असेल तर फिल्मवर बाहेरून प्रकाश शिरला आहे. चित्राच्या सीमेवर नेमका थांबत असेल तर तो लेन्समधून आला आहे, म्हणजे चित्राचाच भाग आहे. तो ठेवायचा की नाही हे कापल्यानंतर नव्हे, आत्ता ठरवा.

## ३. आधी सरळ करा, मग मापं घ्या

तिरक्या फ्रेमवर आयत ठेवला की एका कोपऱ्यात काळी पाचर उरते आणि दुसऱ्या कोपऱ्यात चित्र कापलं जातं. ते टाळायला लोक चारही बाजूंनी आत सरकतात आणि विनाकारण चित्र घालवतात.

सरळ करताना संदर्भ म्हणून फ्रेमची लांब कड घ्या. क्षितिज नको, इमारतीची भिंतही नको. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा तिरका धरला असेल तर क्षितिज फ्रेममध्ये तिरकंच असणार. ते सरळ करायचं असेल तर तो पुढचा, वेगळा निर्णय. इथे फक्त स्कॅनरवर फिल्म जेवढी तिरकी बसली तेवढंच दुरुस्त करायचं आहे.

आपल्या फ्रेमची वरची कड x = २०० पाशी y = ५३२ वर होती आणि x = ३५६० पाशी y = ५०५ वर. ३३६० पिक्सेलच्या अंतरात उजवं टोक २७ पिक्सेल वर चढलंय. २७ ला ३३६० ने भागून त्याचा आर्कटॅन काढला की ०.४६ अंश येतात. उजवं टोक वर असल्यामुळे चित्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तेवढं फिरवायचं. गिंपमध्ये हिशेब नको असेल तर `Measure` हत्यार घ्या (`Shift+M`), कडेवर रेघ ओढा आणि `Straighten` दाबा. इमेजमॅजिकमध्ये:

```
magick raw_12.tif -rotate 0.46 +repage rot_12.tif
```

फिरवल्यावर फाइलचा आकार थोडा वाढतो आणि कोपऱ्यांत रिकाम्या पाचरी येतात. त्या चित्राच्या बाहेर असल्याने त्यांची चिंता नको. मात्र फिरवण्याआधी घेतलेली सगळी मापं आता निकामी झाली, हे विसरू नका.

इशारा: एकदाच फिरवा. ०.४ अंश, मग पुन्हा ०.०६ असं करत गेलात तर प्रत्येक वेळी पिक्सेल नव्याने काढले जातात आणि बारीक तपशील मऊ होतो. कोन चुकला तर अनडू करून मूळ फाइलपासून फिरवा.

तपासा: वरची आणि खालची, दोन्ही कडा आडव्या झाल्या का? वरची झाली आणि खालची तिरकीच राहिली तर प्रश्न फिरवण्याचा नाही. कॅमेऱ्याने निगेटिव्हचा फोटो काढताना कॅमेरा आणि फिल्म समांतर नसले की असं होतं. अशा वेळी स्टँड नीट करून पुन्हा फोटो घेणं हे पर्स्पेक्टिव्ह ओढत बसण्यापेक्षा लवकर होतं. दोन्ही कडा कमानीसारख्या वाकल्या असतील तर फिल्मला बाक आहे. ती वजनाखाली सपाट करून पुन्हा स्कॅन करा.

## ४. चार सीमा शोधा

कच्च्या स्कॅनमध्येच शोधा. उलटवून काळा बिंदू बेसवर बसवला की बेस आणि चित्रातली खोल सावली दोन्ही शून्याला टेकतात, आणि त्यांच्यामधली सीमा मिटून जाते. कच्च्या फाइलमध्ये त्याच दोन भागांत काही पायऱ्यांचा फरक शिल्लक असतो.

तो फरक डोळ्याला दिसावा म्हणून लेअरची एक प्रत करा आणि तिच्यावर `Colors > Threshold` उघडा. खालचा सरकता बाण बेसच्या मूल्याच्या किंचित खाली आणा. भोकं आणि बेस पांढरे, चित्र काळं, अशी दोन रंगांत विभागणी होईल. एखाद्या बाजूची कड दातेरी दिसली तर बाण एकेका पायरीने हलवून पहा. सीमा मिळाल्या की ही लेअर काढून टाका, ती फक्त मोजण्यासाठी होती.

आता मोठं करून पाहिलं की कड एका रेषेवर थांबत नाही हे दिसेल. फिल्म कॅमेऱ्याच्या खिडकीला अगदी चिकटून नसते, किंचित मागे असते. त्यामुळे खिडकीच्या काठाची सावली मऊ पडते. आपल्या स्कॅनमध्ये बेसपासून पूर्ण चित्रापर्यंतचा हा उतार सुमारे १० पिक्सेलचा, म्हणजे ०.१ मिमीचा आहे. मोजताना उताराचा मध्य धरा आणि चारही बाजूंना तोच नियम पाळा.

फिरवलेल्या फाइलमध्ये वरची सीमा ५३१, खालची २७९६ आणि उजवी ३६०४ वर मिळाली. उंची २२६५ पिक्सेल, म्हणजे २३.९७ मिमी. अपेक्षित २२६८ च्या अगदी जवळ. डावीकडे मात्र थ्रेशोल्ड कितीही हलवला तरी रेघ सापडत नव्हती. फक्त खालच्या कोपऱ्यात, जिथे जमिनीवर थोडा उजेड होता, तिथे x = २१० च्या आसपास काहीतरी संपतंय असा भास होता.

## ५. अंधारी कड: भोकांवरून हिशेब

या पायरीवर सगळ्यांत जास्त फोटो खराब होतात. ज्या भागावर प्रकाशच पडला नाही तिथे फिल्म बेससारखीच राहते. तिथे सीमा दडलेली नाही, ती मुळात उमटलेलीच नाही. कॉन्ट्रास्ट कितीही ताणला तरी ती दिसणार नाही, फक्त ग्रेन दिसेल. म्हणून सीमा पाहायची नाही, मोजून काढायची.

पहिला मार्ग समोरच्या कडेवरून. एकाच कॅमेऱ्याची खिडकी प्रत्येक फ्रेमला तीच असते. कॅमेऱ्यागणिक मात्र ३६ मिमी हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून पुस्तकी माप न वापरता त्याच रोलवरच्या एखाद्या उजळ फ्रेमची रुंदी मोजा. शेजारची ११ क्रमांकाची फ्रेम दिवसाउजेडी काढलेली होती. तिची रुंदी ३३९२ पिक्सेल भरली, म्हणजे ३५.९ मिमी. मग १२ ची डावी सीमा ३६०४ − ३३९२ = २१२.

दुसरा मार्ग भोकांवरून, आणि तो पहिल्याची पडताळणी करतो. एका फ्रेममागे फिल्म आठ भोकं पुढे सरकते. दोन भोकांमधलं अंतर ४.७५ मिमी असतं, आठांचं मिळून ३८ मिमी: त्यात ३६ मिमीची फ्रेम आणि २ मिमीची फट. कॅमेऱ्याची दातेरी चकती भोकांत दात अडकवून फिल्म ओढते, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या कॅमेऱ्यात फ्रेमची कड आणि जवळचं भोक यांचं नातं रोलभर जवळपास तेच राहतं. ११ क्रमांकाच्या फ्रेममध्ये डावी सीमा तिच्या जवळच्या भोकाच्या डाव्या काठापासून ५७ पिक्सेल उजवीकडे होती. १२ मध्ये तेच भोक, म्हणजे आठ भोकं पुढचं, x = १५८ वर सुरू होतं. १५८ + ५७ = २१५.

एका मार्गाने २१२, दुसऱ्याने २१५. तीन पिक्सेल म्हणजे ०.०३ मिमी, आणि कडेचा उतारच दहा पिक्सेलचा आहे. कोपऱ्यातला तो २१० चा भासही याच्याशी जुळतो. एवढं जुळलं की शोध थांबवायचा.

दोन्ही उत्तरांत २०-३० पिक्सेलचा फरक पडला तर भोकांचा हिशेब बाजूला ठेवून रुंदीचा धरा. जुन्या कॅमेऱ्यात फिल्म ओढताना सुटते आणि फ्रेममधलं अंतर कमी-जास्त होतं, पण खिडकीची रुंदी बदलत नाही. हे तपासायला पट्टीवरच्या दोन-तीन फटी मोजून पहा. त्या एकसारख्या नसतील तर भोकांवर भरवसा नको.

इशारा: वरची किंवा खालची कड अंधारात असेल तर उंचीने हिशेब करा. त्या दिशेला भोकांच्या आतल्या काठांमध्ये सुमारे २५.४ मिमी जागा असते आणि फ्रेम २४ मिमीची. म्हणजे प्रत्येक बाजूला ०.७ मिमी, आपल्या स्कॅनमध्ये सुमारे ६६ पिक्सेल. पण फ्रेम दोन्हीकडे अगदी समान अंतरावर असेलच असं नाही. हेही उजळ फ्रेमवरून मोजा.

## ६. किती आत घ्यायचं आणि कापायचं कसं

मोजलेली रेघ उताराच्या मध्यावर आहे. तिथेच कापलं तर काही पिक्सेलची काळपट कड चित्रात उरेल. उताराचा उरलेला निम्मा भाग म्हणजे ५ पिक्सेल, त्यात फिल्मच्या हलक्या बाकासाठी आणि मोजणीतल्या चुकीसाठी थोडी भर घालून मी १४ पिक्सेल आत घेतले. हा आकडा पाठ करू नका, तो तुमच्या स्कॅनच्या उतारावरून काढा. रिझोल्युशन दुप्पट केलं तर उतारही दुप्पट पिक्सेलचा होईल.

चारही बाजूंनी १४ आत गेल्यावर ३३६४ × २२३७ उरतात. क्षेत्रफळाने सुमारे २ टक्के गेले. नेमकं ३:२ हवं असेल तर ३३५४ × २२३६ घ्या: रुंदीतून आणखी पाच-पाच पिक्सेल दोन्हीकडून, उंचीतून एक. मला स्वतःला ३:२ चा हट्ट पटत नाही, कारण कॅमेऱ्याची खिडकीच जर ३:२ नसेल तर हे गुणोत्तर चित्राचं नसून आपलं आहे. पण अल्बमसाठी सगळ्या फ्रेम एका मापाच्या लागतात, तेव्हा ते सोयीचं पडतं.

```
magick rot_12.tif -crop 3354x2236+231+545 +repage cut_12.tif
```

यात आधी रुंदी आणि उंची, मग डावीकडून आणि वरून अंतर. २१२ + १४ + ५ = २३१ आणि ५३१ + १४ = ५४५. शेवटचं `+repage` गाळलं तर जुन्या कॅनव्हासची जागा फाइलमध्ये नोंदलेली राहते आणि काही प्रोग्राम चित्र सरकलेलं दाखवतात. गिंपमध्ये `Rectangle Select` घेऊन हेच आकडे `Position` आणि `Size` मध्ये लिहा, मग `Image > Crop to Selection`. माउसने ओढून आयत जुळवण्यापेक्षा आकडे लिहिणं बरं. पुढच्या वेळी तेच आकडे पुन्हा वापरता येतात.

इमेजमॅजिकचं `-trim` इथे वापरू नका. ते चारही काठांवरचा एकसारखा रंग काढतं. आपल्या काठांवर भोकं आहेत, अक्षरं आहेत, म्हणून ते एकतर काहीच कापत नाही, नाहीतर `-fuzz` वाढवल्यावर थेट अंधाऱ्या चित्रात घुसतं.

चित्र उलटवायचं ते आता. `Colors > Levels` मध्ये लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलचं वरचं टोक अनुक्रमे २०८, १२१, ८४ वर आणा, मग `Colors > Invert`. फायलीत भोकं नाहीत आणि होल्डरही नाही, त्यामुळे इथून पुढे हिस्टोग्राममध्ये जे दिसेल ते फक्त चित्राचं. शार्पनिंगही आता, आधी नाही. कापण्याआधी शार्प केलं की काळ्या पट्टीच्या शेजारी चित्राच्या आत एक उजळ रेघ तयार होते, आणि ती १४ पिक्सेलच्याही आत येऊ शकते.

## ७. कापल्यावर कुठे पाहायचं

पूर्ण चित्र पडद्यावर बसवून पाहिलं तर एक-दोन पिक्सेलची रेघ दिसत नाही. २०० टक्क्यांवर जा आणि आठ ठिकाणी पहा: चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य. मध्य मुद्दाम, कारण फिल्मला बाक असेल तर कोपरे स्वच्छ असूनही मध्याला काळी पाचर राहते, किंवा याच्या उलट होतं. चित्राभोवतीच्या रिकाम्या जागेचा रंग फिका राखाडी ठेवा. तो काळा असेल तर काळी कड त्यात लपते.

अंधाऱ्या डाव्या कडेसाठी गॅमा तात्पुरता ३ पर्यंत वाढवा. आपल्या फ्रेममध्ये तसं केल्यावर कडेपर्यंत सारखाच ग्रेन दिसला आणि जमिनीवरचा उजेडाचा तुकडा खालच्या कोपऱ्यात काठाला जाऊन भिडला. काठाशी ग्रेन सपाट होऊन सरळ उभा पट्टा दिसला असता तर बेस शिल्लक राहिला, असं धरून आणखी आत जावं लागलं असतं.

कोपऱ्यात छोटी गोलाई किंवा खाच दिसली तर तो दोष नाही. काही कॅमेऱ्यांच्या खिडकीचे कोपरे तसेच असतात आणि प्रत्येक फ्रेमला त्याच जागी येतात. एका कोपऱ्यासाठी पूर्ण बाजू आत घ्यायची की तेवढे पिक्सेल क्लोन करून भरायचे, हे चित्र पाहून ठरवा.

## जिथे हा हिशेब चालत नाही

दोन फ्रेम एकमेकांवर चढलेल्या असतील तर मध्ये फटच नसते. त्या जागी फिल्मवर दोनदा प्रकाश पडलेला असतो, म्हणून पॉझिटिव्हमध्ये काळ्या पट्ट्याऐवजी उजळ पट्टा दिसतो. त्याच्या दोन कडा म्हणजे दोन फ्रेमच्या सीमा. तो पट्टा पूर्ण वगळला तर दोन्ही फ्रेम लहान होतात, आणि ठेवला तर दुसऱ्या फोटोची सावली दिसते. मधला मार्ग नाही.

रोलच्या पहिल्या फ्रेमचा अर्धा भाग फिल्म भरताना उजेडात जळलेला असतो आणि उलटवल्यावर पांढरा येतो. तिथे रुंदीचा हिशेब लावून काही हाती लागत नाही. जळलेला भाग संपतो तिथे कापा.

आणखी एक गोष्ट क्रॉपने जात नाही. भोकांच्या समोर, चित्राच्या आत उजळ जिभांसारखे ओघळ दिसले तर डेव्हलप करताना रसायन भोकांतून जोराने वाहिलं आहे. त्याच जागी गडद ओघळ असतील तर बहुधा स्कॅन करताना भोकांतून झगझगाट आत आला आहे. या दुसऱ्या प्रकारात भोकं काळ्या कागदाच्या पट्टीने झाकून पुन्हा स्कॅन केल्यावर फरक पडतो. पहिल्या प्रकारात पडत नाही, ते ओघळ फिल्मवरच आहेत.

## पूर्ण रोल एकदम कापताना

फिरवण्याचा कोन एका पट्टीपुरताच खरा. दुसरी पट्टी होल्डरमध्ये ठेवली की तो बदलतो, म्हणून पट्टीगणिक नवा कोन आणि नवे आकडे काढा. एकाच पट्टीवरच्या फ्रेम एका लांब स्कॅनमधून काढायच्या असतील तर फिरवल्यानंतर x मध्ये दर फ्रेमला ३८ मिमी, म्हणजे आपल्या रिझोल्युशनला ३५९१ पिक्सेल मिळवत जा. तीन-चार फ्रेमनंतर थोडी घसर जमा होते, तेव्हा मधल्या एखाद्या उजळ फ्रेमवर थांबून आकडा जुळवून घ्या आणि तिथून पुढे मोजा.

कोन, चार सीमा आणि बेसची तीन मूल्यं एका साध्या मजकूर फाइलमध्ये कच्च्या स्कॅनच्या शेजारी ठेवा:

```
raw_12.tif  rot 0.46  L212 T531 R3604 B2796  base 208/121/84
```

पुढे कुणाला भोकांसकट प्रिंट हवी झाली किंवा कड थोडी मोकळी सोडायची ठरली, तर ही एक ओळ आणि कच्ची फाइल एवढ्यावर काम होतं, निगेटिव्ह पुन्हा बाहेर काढावी लागत नाही.